मजहूल : न लिहिलेला कर्ता

नंदुरबार जिल्ह्यात 'नायब' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तहसील कचेरीत कामासाठी गेलेल्या प्रत्येकाला तो ठाऊक असतो. अरबी व्याकरणात तोच शब्द मला अचानक भेटला : 'नाइब-अल-फाइल', म्हणजे कर्त्याचा नायब. कर्ता सांगायचा नसला, की कर्म त्याच्या जागेवर येऊन बसते. अशा क्रियापदाला 'मजहूल' म्हणतात, म्हणजे ज्याचा कर्ता अज्ञात आहे असे. कर्ता ज्ञात असेल तर ते 'मारूफ'.

मी अरबी चाळिशीनंतर, बहुतांशी पुस्तकांवरून शिकलो. अडले तर अक्कलकुव्याच्या जामियात शिकलेल्या एका मौलवीसाहेबांना विचारतो. खानदेशावर 1382 ते 1601 फारुकी सुलतानांचे राज्य होते, त्या काळाचे लेख वाचता यावेत एवढीच माझी हौस. पण शिलालेखी साच्याच्या पहिल्याच सरावाच्या वाक्यात मी फसलो.

अरबीत क-त-ब ही तीन व्यंजने लिहिण्याच्या अर्थाची. 'कतब' म्हणजे त्याने लिहिले, 'कुतिब' म्हणजे लिहिले गेले. (दोन्हींत शेवटचा 'अ' पूर्ण उच्चारायचा.) पहिल्या अक्षरावर पेश आणि दुसऱ्याखाली जेर, एवढाच फरक. कुराणात आणि बालबोध पुस्तकांत या खुणा छापतात. इतरत्र ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत. म्हणून कागदावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. मराठीत 'गेले' हा वेगळा शब्द येऊन आपल्याला सावध करतो, तशी सोय इथे नाही.

मग वाचणारा क्रियापदाकडे टक लावून बसत नाही. तो पुढे पाहतो. 'एक पुस्तक' हे कर्म असेल तर अरबीत 'किताबन्' होते आणि शेवटी एक अलिफ लिहिला जातो. तो अलिफ दिसला, की पुस्तक कर्म आहे, म्हणून क्रियापद 'कतब'. अलिफ नसेल आणि वाक्यात दुसरा कर्ताही नसेल, तर पुस्तकच नायब होऊन बसले आहे, 'कुतिब' वाचायचे. मात्र 'ते पुस्तक' असे निश्चित नाम असले, की हा अलिफ येत नाही. चिठ्ठीसाठीच्या 'रिसाला' या स्त्रीलिंगी शब्दालाही तो लागत नाही. तिथे फक्त संदर्भ उरतो.

माझे वाक्य नेमके त्यातलेच होते : ब-न-य, मग 'ही मशीद', मग 'अमुक सुलतानाच्या अमलात', आणि शेवटी हिजरी वर्ष. पहिला शब्द 'बना' वाचला तर 'त्याने बांधली', 'बुनिय' वाचला तर 'बांधली गेली'. छापील मजकुरात 'बुनिय'च्या शेवटच्या अक्षराखाली दोन नुक्ते असू शकतात, 'बना'खाली नसतात. पण दगडावर शेवटच्या 'य'चे नुक्ते पुष्कळदा कोरलेलेच नसतात. 'मशीद' इथे निश्चित नाम, म्हणून अलिफाची मदतही नाही. मी लिहिले : 'अमुक सुलतानाने ही मशीद बांधली.'

मौलवीसाहेबांनी वही पाहून एकच प्रश्न केला : "भाऊ, बांधणारा दाखवा."

शोधला, तर नव्हता. 'अमलात' या शब्दाने सुलतानाचे नाव स्वतःशी जखडून ठेवले होते. त्या नावाला कर्ता होताच येत नव्हते. कर्त्याची जागा रिकामी, म्हणून 'बुनिय'. उलट वर्षाच्या आधी एखाद्या सरदाराचे नाव मोकळे उभे असते, तर 'बना' वाचून बांधकाम त्याच्या नावे लिहावे लागले असते. नाव 'अबू'ने सुरू होत असेल तर आणखी एक खूण मिळते : कर्ता असताना ते वाव लावून 'अबू' लिहितात, 'अमलात'सारख्या शब्दामागे आले तर 'अबी'. कोरणारा नेहमीच व्याकरण सांभाळतो असे नाही, म्हणून या खुणेवर एकट्याने विसंबू नये.

जुन्या अरबीत मजहूल वापरले, की खरा कर्ता सहसा सांगतच नाहीत. त्यामुळे मोकळा कर्ता सापडला तर मारूफ, नाही सापडला तर मजहूल, ही कसोटी बहुतेक वेळा पुरते. ती अडते ती मागच्या वाक्यातला 'तो' कर्ता म्हणून चालू असू शकतो तिथे. लेख 'ब-न-य'नेच सुरू होत असेल तर ही शंका उरत नाही.

माझ्या चुकीला मराठीचीही साथ होती. 'सुलतानाच्या काळात ही मशीद बांधली' असे आपण सहज लिहितो; कुणी बांधली, हे 'बांधली'त उघडे राहते. पुढचा लेखक ती फट बुजवतो, आणि ज्याच्या काळात मशीद उभी राहिली तो तिचा बांधणारा ठरतो. खर्च करणारा व्यापारी, कोतवाल किंवा एखादी बाई असेल, तर तिच्या शोधाची वाटच तिथे बंद होते. आता मी अशा ठिकाणी 'बांधली गेली' असे अवघडलेले मराठी मुद्दाम लिहितो, आणि वहीत अरबी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पेन्सिलीने एक पेश काढून ठेवतो.