कधीच न घडणाऱ्या जलविघटनाचा हिशेब

उपाशीपोटी केलेल्या रक्ततपासणीच्या कागदावर साखर ‘९०’ दिसली की आपण निश्चिंत होतो. डेसिलिटरमागे ९० मिलिग्रॅम म्हणजे लिटरमागे ५ मिलिमोल ग्लुकोज. यकृताच्या पेशीतही ते साधारण एवढेच असते, कारण तिच्या पटलातून ग्लुकोज आत-बाहेर सहज करू शकते. आत आलेले ग्लुकोज वापरायचे किंवा साठवायचे तर आधी त्याच्या सहाव्या कार्बनवर फॉस्फेट चढवावा लागतो. फॉस्फेटचा विद्युतभार अंगावर आला की ग्लुकोजला पटल ओलांडता येत नाही. तयार झालेल्या या रेणूचे नाव ग्लुकोज-६-फॉस्फेट.

पेशीत फॉस्फेटही आहे, तोही साधारण ५ मिलिमोल. मग ग्लुकोज आणि फॉस्फेट सरळ एकमेकांना का जुळत नाहीत? कारण मुक्त ऊर्जेचा हिशेब उलटा पडतो. एखादी अभिक्रिया आपणहून कोणत्या दिशेला सरकेल, हे मुक्त ऊर्जेतल्या बदलावरून ठरते. बदल उणे असेल तर ती पुढे जाते, अधिक असेल तर मागे. या जोडणीचा प्रमाणित बदल मोलमागे अधिक १३.८ किलोज्यूल आहे. शरीराच्या तापमानाला दर सहा किलोज्यूलमागे समतोल साधारण दहा पटींनी सरकतो. म्हणून १३.८ हा आकडा समतोलाला सुमारे दोनशे पटींनी मागे ढकलतो.

आता प्रत्यक्ष आकडे घालून पाहू. ५ मिलिमोल ग्लुकोज आणि ५ मिलिमोल फॉस्फेट यांच्याशी समतोलात लिटरमागे फक्त ०.१२ मायक्रोमोल ग्लुकोज-६-फॉस्फेट राहील. यकृतपेशीत ते सुमारे २५० मायक्रोमोल सापडते, म्हणजे दोन हजार पट जास्त. एवढा पल्ला नुसते ग्लुकोज वाढवून गाठायचा ठरवले, तर लिटरमागे जवळजवळ १.९ किलो ग्लुकोज लागेल. विरघळणे दूरच राहिले, एवढी कोरडी साखर लिटरच्या भांड्यात मावतसुद्धा नाही.

इथे पाठ्यपुस्तकातले नेहमीचे उत्तर पुढे येते. एटीपीचे पाण्याने विघटन होऊन एडीपी आणि फॉस्फेट तयार होतात, तेव्हा प्रमाणित मुक्त ऊर्जा ३०.५ किलोज्यूलने घटते. अधिक १३.८ आणि उणे ३०.५ यांची बेरीज उणे १६.७. बेरीज उणे आली, अभिक्रिया पुढे गेली. विद्यार्थी हे लिहितात, गुणही मिळतात. पण या बेरजेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि तिच्याबद्दल सहसा कोणी विचारत नाही. एकाच भांड्यात दोन अभिक्रिया शेजारी शेजारी चालल्या, तर एकीची घट दुसरीच्या कामी का यावी? परीक्षानळीत एटीपीचे विघटन करा, शेजारी ग्लुकोज आणि फॉस्फेट ठेवा. पाणी थोडे कोमट होईल. ग्लुकोज होते तसेच राहील, कारण सगळीकडे सारख्याच तापमानावर असलेल्या पेशीत उष्णतेला कुठलीही अभिक्रिया चढावर ढकलता येत नाही.

विहिरीवरची मोट आठवा. बैल उतारावरून खाली जातात म्हणून पाण्याने भरलेली मोट वर येते, पण मध्ये नाडा असतो म्हणून. नाडा तुटला तरी बैल उतार उतरतीलच, मोट मात्र विहिरीत पडून राहील. रसायनात हा नाडा म्हणजे दोन्ही अभिक्रियांना सामाईक असलेला भाग. इथे तो भाग एटीपीच्या टोकाचा फॉस्फेट आहे.

ही जोडणी करणाऱ्या विकराचे नाव हेक्सोकायनेज. यकृतात त्याच कुळातले ग्लुकोकायनेज हे काम करते. विकराच्या खोबणीत एटीपी आणि ग्लुकोज शेजारी बसतात. ग्लुकोजच्या सहाव्या कार्बनवरचा ऑक्सिजन एटीपीच्या शेवटच्या फॉस्फरसवर हल्ला करतो आणि फॉस्फेटचा गट थेट ग्लुकोजवर जातो. सुटा फॉस्फेट मध्ये कुठेच तयार होत नाही, पाण्याचा रेणू खर्चही पडत नाही. म्हणजे ज्या जलविघटनाच्या नावाने आपण ३०.५ चा आकडा मांडला, ते इथे घडतच नाही. एका समीकरणात पाणी तयार होते, दुसऱ्यात ते वापरले जाते, बेरजेत दोन्ही कटतात. दोन समीकरणे ही कागदावरची सोय आहे. पेशीत एकच अभिक्रिया चालते, उणे १६.७ ची. तिच्या हिशेबाने २५० मायक्रोमोल ग्लुकोज-६-फॉस्फेट टिकवायला लिटरमागे काही दशक मायक्रोग्रॅम ग्लुकोज पुरते. १.९ किलोवरून मायक्रोग्रॅमवर, म्हणजे कित्येक कोटी पटींचा फरक.

तरी नाडा तुटण्याचा धोका असतोच. पाण्याच्या रेणूलाही तसाच ऑक्सिजन असतो, आणि पेशीत पाणी ग्लुकोजच्या हजारो पट आहे. पाण्याने फॉस्फेट पळवला तर एटीपी वाया जाईल. हेक्सोकायनेज ते कसे टाळते? ग्लुकोज येऊन बसेपर्यंत त्याची खोबण उघडी असते आणि एटीपीला हात लावणारे भाग जागेवर नसतात. ग्लुकोज बसले की विकराचे दोन भाग जबड्यासारखे मिटतात, पाणी बाहेर पडते आणि मगच अभिक्रिया होते. यीस्टच्या हेक्सोकायनेजला झायलोज देऊन हे तपासता येते. झायलोज म्हणजे जवळपास ग्लुकोजच, फक्त सहावा कार्बन नसलेला. तो बसला की जबडा मिटतो, पण फॉस्फेट घ्यायला सहाव्या कार्बनवरचा ऑक्सिजन नाही. त्या मोकळ्या जागेत पाणी शिरते आणि एटीपीच्या विघटनाचा वेग वाढतो. फसलेले विकर एटीपी नुसतेच जाळू लागते.

आता खुद्द ३०.५ कडे वळू. १९२९ साली कार्ल लोमान यांनी, आणि स्वतंत्रपणे सायरस फिस्के व आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी एटीपी शोधले. १९४१ साली फ्रिट्झ लिपमन यांनी त्यातले ‘उच्च ऊर्जेचे’ बंध नागमोडी रेषेने दाखवले, आणि तेव्हापासून बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते असा समज रुजला. बंध तोडायला ऊर्जा खर्चच होते. तयार झालेले एडीपी आणि फॉस्फेट पाण्यात जास्त स्थिर असतात, आणि एकमेकांना ढकलणारे ऋणभार दूर जातात, म्हणून एकूण हिशेब उणे येतो. पण पेशीपुरते खरे रहस्य प्रमाणात आहे. एटीपीला समतोलापर्यंत जाऊ दिले, तर ५ मिलिमोल फॉस्फेटच्या सान्निध्यात एका एटीपीमागे काही कोटी एडीपी उरतील. यकृतपेशीत मात्र एडीपीच्या दुप्पट-तिप्पट एटीपी असते. श्वसनाच्या यंत्रणेने समतोलापासून इतके दूर ओढून ठेवल्यामुळे एटीपीच्या विघटनाची घट तिथे ३०.५ न राहता ४५ ते ५० किलोज्यूल होते. श्वसन थांबवा, रेणू तोच राहील, तेच बंध राहतील, पण प्रमाण समतोलाकडे सरकेल तशी त्याची ओढ संपत जाईल.

एवढा उतार तयार केला की परतीची वाट बंद होते. उपाशीपोटी यकृताला रक्तात ग्लुकोज सोडावे लागते, तेव्हा त्याला हीच अभिक्रिया उलटी चालवता येत नाही. ग्लुकोज-६-फॉस्फेटकडून एटीपी परत घेण्याइतकी मुक्त ऊर्जा तिथे नसते. म्हणून ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हे वेगळे विकर पाण्याच्या मदतीने फॉस्फेट काढून टाकते, तेव्हा १३.८ ची घट होते. हे आणि आधीचे विकर एकाच वेळी चालले तर १६.७ आणि १३.८ मिळून नेमके ३०.५ भरतात. ग्लुकोज जिथल्या तिथे राहते, एटीपीचे खरोखरच जलविघटन होते आणि हाती लागते ती फक्त उष्णता. हे बरेचसे टाळण्यासाठी उपाशी असताना यकृत ग्लुकोकायनेजला एका प्रथिनाशी बांधून केंद्रकात ठेवते. जेवणानंतर ग्लुकोज वाढले की ते सुटून पेशीद्रवात येते.