छिद्र लहान, चित्र पुसट

मानखुर्दहून वाशीचा खाडीपूल टिपताना जवळच्या खारफुटीपासून दूरच्या खांबांपर्यंत सारे स्पष्ट यावे म्हणून आपण लेन्सचे छिद्र एफ/२२ पर्यंत लहान करतो. तरीही कठड्याच्या कडा पुसट येतात. असे का?

प्रकाश लहरींनी बनलेला आहे. अरुंद छिद्रातून जाताना त्या पसरतात, हे विवर्तन. त्यामुळे प्रत्येक प्रकाशबिंदूची चकती होते. हिरव्या प्रकाशात एफ/८ ला तिचा व्यास सुमारे ११ मायक्रॉन, तर एफ/२२ ला ३० असतो. अनेक कॅमेऱ्यांतला पिक्सेल मात्र चार ते सहा मायक्रॉनचाच! उलट, छिद्र पूर्ण उघडले तर भिंगाचे दोष दिसतात.

म्हणून कॅमेरा तिपाईवर ठेवा, टायमर लावा. फोकस न हलवता एफ/४ पासून एकेक टप्पा छायाचित्रे घ्या आणि कठडा मोठा करून पाहा. बहुधा एफ/५.६ ते एफ/८ च्या आसपास तो सर्वांत रेखीव दिसेल.