क्लायंट म्हणतो, "बजेट नाही, काम थांबवा." हिशोब कसा करायचा?

समजा तुम्ही एका दुकानदाराची वेबसाइट करताय. काम १,८०,००० रुपयांचं, अॅडव्हान्स ५४,००० मिळालाय. मध्येच फोन येतो, "साहेब, सध्या पैशांची अडचण आहे. दोन-तीन महिने थांबूया."

आपण काय करतो? "काही हरकत नाही" म्हणतो आणि फोन ठेवतो. चूक इथेच होते. तीन महिन्यांनी किती काम झालं होतं, हे दोघांनाही आठवत नाही. मग क्लायंट म्हणतो, "अॅडव्हान्स दिला होता ना?"

म्हणून थांबायला हो म्हणा, पण त्याच आठवड्यात झालेल्या कामाचा हिशोब लेखी करा.

कोटेशनमध्ये टप्पे होते असं धरू: डिझाइन ५४,०००, दहा पानांचं डेव्हलपमेंट ९०,०००, टेस्टिंग आणि लाँच ३६,०००. डिझाइन मंजूर झालंय, म्हणजे पूर्ण ५४,०००. दहापैकी चार पानं तयार आहेत, म्हणजे ३६,०००. "साधारण निम्मं झालं" असं कधीच म्हणू नका, पानं मोजून दाखवा. एकूण काम ९०,००० चं झालं. त्यातून अॅडव्हान्स वजा केला की येणं उरतं ३६,०००. तुम्ही जीएसटी लावत असाल तर १८ टक्के, म्हणजे ६,४८० वर. बिल झालं ४२,४८० रुपयांचं. (अॅडव्हान्सवरचा जीएसटी आधीच घेतलाय असं धरलंय.)

क्लायंट अडचणीत आहे, त्यामुळे दोन हप्ते करून द्या, पण तारखा टाका. तयार पानांच्या फाइल्स शेवटचा हप्ता आल्यावरच द्यायच्या, हेही आधीच सांगा.

आता पुन्हा सुरू करण्याच्या अटी. उरलेलं काम ९०,००० चं आहे. ईमेल असा करा:

"सर, आपल्या सांगण्यावरून आजपासून काम थांबवत आहोत. झालेल्या कामाची यादी आणि बिल सोबत आहे. ६० दिवसांत काम सुरू झाल्यास जुनाच दर राहील, त्यानंतर नवीन कोटेशन देऊ. सुरू करताना उरलेल्या रकमेच्या ५० टक्के, म्हणजे ४५,००० अॅडव्हान्स लागेल. पैसे जमा झाल्यापासून १० कामाच्या दिवसांत सुरुवात करू. सहा महिन्यांत न कळवल्यास प्रोजेक्ट बंद समजू. कृपया 'मान्य' असा रिप्लाय द्यावा."

ते १० दिवस का? कारण मधल्या काळात तुमची माणसं दुसऱ्या कामाला लागलेली असणार.

या अटी मुळात अॅग्रीमेंटमध्येच हव्यात. नसतील तर तुम्ही त्या एकतर्फी लादू शकत नाही, म्हणून तो "मान्य" फार महत्त्वाचा.

आणि एक. काम थांबल्यावर "फक्त फोन नंबर बदलून द्या" असे मेसेज येतात. पाच मिनिटांचं असलं तरी त्याचं वेगळं बिल करा. नाहीतर काम थांबलेलं फक्त क्लायंटच्या पेमेंटपुरतं असतं, तुमचं चालूच राहतं.