पडदा जाड, तरी खोलीत उजेड

आमच्या शेजारच्या सिस्टर जळगावच्या एका हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी करतात. सकाळी नऊला घरी आल्या की एसी लावून झोपायचं, एवढंच त्यांना हवं असतं. पण खिडकी पूर्वेची! म्हणून त्यांनी चांगला महागाचा ब्लॅकआउट पडदा शिवून घेतला. तरी खोलीत पेपर वाचता येईल एवढा उजेड. "दुकानदारानं फसवलं हो," असं त्या म्हणाल्या, तेव्हा मी भरदुपारी दार लावून त्यांच्या खोलीत पाच मिनिटं नुसती बसले.

कापडातून उजेड येतच नव्हता. तो येत होता दोन्ही कडांनी आणि वरून. दांडी भिंतीपासून चार इंच पुढे असते, त्यामुळे पडदा आणि भिंत यांच्यात एक बोळच तयार होतो. वरच्या फटीतून ऊन पांढऱ्या छतावर पडतं आणि तिथून सगळ्या खोलीत पसरतं. शिवाय हा पडदा स्टीलच्या मोठ्या रिंगांचा. त्याच्या लाटा पडतात आणि प्रत्येक लाटेमागे वर फट राहते. अंधार हवा असेल तर रिंगांचा पडदा नकोच. चुण्या घातलेला, हुकांचा आणि ट्रॅकवर सरकणारा पडदा घ्यावा.

गंमत म्हणजे याच फटींतून एसीचा गारवाही जातो. काच तापली की पडद्यामागची हवा गरम होऊन वर चढते, वरच्या फटीतून खोलीत येते आणि तिच्या जागी खालून गार हवा आत ओढली जाते. चुलीच्या धुराड्यासारखंच म्हणा ना!

मग आम्ही सुताराला बोलावलं. खिडकी चार फुटी, म्हणजे ४८ इंच. दोन्हीकडे आठ-आठ इंच जास्त धरून ट्रॅक ६४ इंचांचा. खिडकीच्या वर सहा इंचांवर प्लायवूडची सहा इंच रुंद फळी भिंतीला आडवी ठोकली. हे झालं पडद्याचं छप्पर. गिलावा कुठेच सरळ नसतो, म्हणून फळी आणि भिंतीमधली फट पुट्टीनं बुजवली. ट्रॅक या फळीच्या खालच्या अंगाला, भिंतीपासून चार इंचांवर बसवला आणि फळीच्या पुढे नि दोन्ही टोकांना सहा इंची पट्टी लावली.

आता कडा. ट्रॅकची टोकं भिंतीकडे काटकोनात वळवून मिळतात. पण आमच्या सुताराकडे तसा ट्रॅक नव्हता. त्यानं सरळ ट्रॅकच्या दोन्ही टोकांशी भिंतीत एकेक आकडा ठोकला. पडद्याचं शेवटचं हुक त्या आकड्यात अडकवलं, की पडद्याची चार इंचांची कड आपोआप भिंतीला जाऊन टेकते. पडदा उघडताना ही कड तिथेच राहते, सरकतो तो फक्त पुढचा भाग. एसीच्या झोतानं कड फडफडू नये म्हणून तिला वरपासून खालपर्यंत वेल्क्रो लावला. हा खर्च अगदी किरकोळ, पण फरक सगळ्यात जास्त याचाच.

कापडाचा हिशोब मात्र नव्यानं करावा लागला. ६४ इंच ट्रॅक, दोन्ही कडांचे आठ, मध्यभागी एक पाखा दुसऱ्यावर चढावा म्हणून चार, असे झाले ७६. चुण्यांसाठी याच्या दीडपट, म्हणजे ११४ इंच कापड लागतं. ४८ इंची पन्ह्याचे दोन तुकडे कमी पडतात. म्हणून तीन घेतले, प्रत्येक पाख्याला दीड. दोनांत भागवलं तर पडदा ताणला जातो आणि मधोमध उजेडाची उभी रेघ दिसते. खाली पडदा जमिनीपासून जेमतेम अर्धा इंच वर ठेवला.

शिवताना एक लक्षात ठेवा. या कापडाला टाचणी लावू नका. त्याच्या लेपाला पडलेलं भोक बुजत नाही, अंधारात चांदणीसारखं चमकतं. आमच्या शिंपीणबाईंनी टाचण्यांऐवजी कपड्यांचे चिमटे लावले.

एसी खिडकीच्याच वर असेल तर मात्र फळी आणि पडदा त्याच्या खालीच हवा. पडद्यानं एसी झाकला तर तो आपलीच गार हवा परत ओढतो आणि खोली गार व्हायच्या आतच थांबतो.

आणि ऊन एकदा काचेतून आत आलं की पडदा ते थोडंसंच परतवतो. त्यामुळे उन्हाळ्यात सिस्टर खिडकीबाहेर बांबूची चटईही सोडतात. पावसाळ्यात झोपून उठल्या की पडदा पूर्ण उघडतात, कारण बंद पडद्यामागे दमट हवा कोंडून गेल्या जुलैत भिंतीला काळी बुरशी धरली होती.