बाणावर लिहिलेलं क्रियापद

बारावीच्या एका विद्यार्थिनीला मी विचारलं, "सिकलसेलमध्ये नेमकं काय बिघडतं?" तिने लगेच सांगितलं, "बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं." उत्तर अचूक होतं. मग मी विचारलं, "म्हणून त्या मुलाचे हातपाय का ठणकतात?" ती गप्प झाली. थोड्या वेळाने म्हणाली, "मॅडम, ते त्या धड्यात नाहीये."

तिचं म्हणणं खरंच होतं. अमिनो आम्लाचा बदल आनुवंशिकतेच्या धड्यात असतो, हिमोग्लोबिन श्वसनाच्या धड्यात, तांबडी पेशी रक्ताभिसरणात आणि हिवताप रोगांच्या धड्यात. नैसर्गिक निवड तर उत्क्रांतीत, पुस्तकाच्या पार दुसऱ्या टोकाला. प्रत्येक धडा तिला पाठ होता. पण एका धड्यातून दुसऱ्यात जायची वाट कोणत्याच पानावर छापलेली नव्हती. आमच्याकडे विदर्भात सिकलसेल हा पुस्तकातला आजार नाही. वर्गातल्या कुणाच्या तरी घरात तो असतोच, म्हणून तिचं गप्प होणं मला फार लागलं.

ही वाट कागदावर काढायची एक पद्धत आहे, तिला संकल्पना नकाशा म्हणतात. 1972 च्या सुमारास अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी लहान मुलांच्या विज्ञानाच्या समजेचा अभ्यास करत होते. तीच मुलं पुढे बारा वर्षं, शाळा संपेपर्यंत, त्यांनी न्याहाळली. मुलाखतींच्या कागदांचा ढीग झाला, पण कुणाच्या समजेत काय बदललं ते त्या ढिगातून दिसेना. तेव्हा प्रत्येक मुलाच्या बोलण्यातल्या संकल्पना चौकटीत लिहून, त्या बाणांनी जोडून, बाणावर जोडणारे शब्द लिहायची युक्ती त्यांना सुचली. म्हणजे हा नकाशा जन्मला तो मुलाच्या डोक्यात कशाशी काय जोडलेलं आहे ते पाहण्यासाठी. सुबक टिपणं काढणं हा त्याचा हेतू नव्हता.

मधोमध विषय लिहून चहूकडे रंगीत फांद्या काढतात त्याला पुष्कळजण संकल्पना नकाशाच समजतात. तो माइंड मॅप, ती गोष्ट वेगळी. तिथे फांदीवर क्रियापद नसतं. 'हिमोग्लोबिन' आणि 'ऑक्सिजन' यांच्यामध्ये नुसती रेघ ओढली तर काहीच विधान होत नाही, त्यामुळे ते चुकतही नाही. बाणावर 'फुफ्फुसात धरतं आणि ऊतींत सोडतं' असं लिहिलं की वाक्य तयार होतं. वाक्य खरं तरी असतं किंवा खोटं तरी, आणि ते तपासता येतं.

त्या मुलीला मी कोरा कागद दिला आणि वर एक प्रश्न लिहायला सांगितलं: 'डीएनएतलं एक अक्षर बदललं तर हाडं का ठणकतात?' वर नुसतं 'सिकलसेल' लिहिलं असतं तर तिने कारणं, लक्षणं, उपचार अशी मथळ्यांची यादीच पुन्हा उतरवली असती. 'का' विचारलं की उत्तराला साखळी लागते.

मग लागतील त्या संकल्पना तिने चिठ्ठ्यांवर लिहिल्या. पंधरा-वीस पुरतात, तीसच्या वर गेलं की कागदाचं जंगल होतं. एका चिठ्ठीवर एकच नाम, वाक्य नाही. प्रत्येक धड्याच्या चिठ्ठ्यांना वेगळा रंग. त्या टेबलावर मांडून हलवत राहायचं, घाईने चिकटवायच्या नाहीत.

पहिली साखळी जमली ती अशी. जनुकात एका जागी ए ऐवजी टी येतो, म्हणून जीएजी हा कोडॉन जीटीजी होतो. त्यामुळे साखळीत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसतं. इथपर्यंत ती भराभर आली आणि 'व्हॅलिन' ते 'वाकडी पेशी' या बाणापाशी अडली. बाणावर तिने लिहिलं होतं, 'मुळे'. मी म्हटलं, "कसं, ते सांगणारं क्रियापद शोध." त्यासाठी तिला अकरावीचा जैवरेणूंचा धडा पुन्हा उघडावा लागला. ग्लुटामिक आम्लावर विद्युतभार असतो, त्याला पाणी मानवतं. व्हॅलिनला पाणी मानवत नाही. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो आणि हे व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खोबणीत जाऊन बसतं. एकाला एक चिकटून लांब कडक दोरे तयार होतात. हे दोरे पेशीला आतून ताणून विळ्यासारखी करतात. एका 'मुळे'च्या जागी तीन चिठ्ठ्या आणि चार बाण आले. मला विचाराल तर त्या दुपारचा खरा अभ्यास त्या चार बाणांत झाला.

पुढची वाट सोपी होती. कडक पेशी केशवाहिनीत अडकते, पुढच्या ऊतीला ऑक्सिजन मिळत नाही, तिथे वेदना उठते. इथे तिला एक बाण उलट वळताना दिसला. ऑक्सिजन कमी झाला की आणखी हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, म्हणजे आणखी पेशी वाकतात. साखळीचं चक्र झालं. ठणक एकदा सुरू झाली की वाढतच का जाते, ते कोणत्याही मथळ्याखाली न छापलेलं उत्तर त्या वळलेल्या बाणात होतं.

नकाशातले चुकलेले बाण मला बरोबर बाणांइतकेच मोलाचे वाटतात. तिने 'उत्परिवर्तन' वरून 'तांबडी रक्तपेशी' कडे बाण काढून वर लिहिलं होतं, 'हिच्या केंद्रकात होतं'. मोठ्याने वाचायला सांगितलं. वाचताना तीच थांबली, कारण शेजारीच दुसऱ्या रंगाच्या चिठ्ठीवर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं की माणसाच्या प्रौढ तांबड्या पेशीला केंद्रक नसतं. दोन्ही वाक्यं तिने दोन वेगळ्या परीक्षांत लिहिली असती आणि त्यातला विरोध कधी कळला नसता. बदललेलं जनुक आईवडिलांकडून येतं आणि शरीरातल्या केंद्रक असलेल्या प्रत्येक पेशीत असतं. अस्थिमज्जेतल्या पूर्वपेशी ते वाचून हिमोग्लोबिन बनवतात आणि मग केंद्रक बाहेर टाकून रक्तात उतरतात. त्यांच्या जागी नवी पेशी मज्जेतूनच यावी लागते. निरोगी पेशी 120 दिवस टिकते, विळ्याच्या आकाराची 10 ते 20 दिवस. मज्जा कितीही राबली तरी पुरी पडत नाही, म्हणून रक्तक्षय. हाही नवा बाण त्या चुकीतूनच निघाला.

दुसरी चूक जास्त खोल होती आणि ती मी बऱ्याच मुलांत पाहिली आहे. बाण होता: 'सिकलसेल' पासून 'हिवताप' पर्यंत, वर 'पासून वाचवतो'. ऐकायला बरोबर वाटतं. पण संरक्षण मिळतं ते वाहकांना, म्हणजे ज्यांच्याकडे एक बदललेलं आणि एक साधं जनुक आहे त्यांना, आणि तेही गंभीर हिवतापापासून. दोन्ही जनुकं बदललेली असलेल्या रुग्णाला हिवताप झाला तर उलट जिवावर बेतू शकतं. वाक्य खोटं ठरलं, कारण 'सिकलसेल' या एका चिठ्ठीत दोन वेगळी माणसं कोंबली होती. चिठ्ठी फाडून 'वाहक' आणि 'रुग्ण' अशा दोन केल्या तेव्हा मेंडेलचा धडा आपोआप नकाशात आला: दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. बाण खरा करता येत नसेल तर बहुधा चौकट फोडायची वेळ आलेली असते.

नकाशा जमला की नाही, हे रंगांवरून कळतं. वेगळ्या रंगांच्या चिठ्ठ्यांना जोडणारे बाण मोजायचे. सगळे बाण एकाच रंगात फिरत असतील तर तो धड्याचा सारांश झाला. आणि 'संबंधित आहे', 'महत्त्वाचं आहे', 'चा भाग आहे' असेच शब्द पुन्हा पुन्हा दिसले तर ओळखावं की तिथे अजून समज पोहोचलेली नाही.

या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे. 2011 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात जेफ्री कार्पिक आणि जॅनेल ब्लंट यांचा एक अभ्यास आला. पुस्तक समोर ठेवून संकल्पना नकाशे काढणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा, मजकूर वाचून तो मिटून आठवेल ते लिहिणारे आठवड्यानंतरच्या चाचणीत पुढे निघाले. कारण उघड आहे. पुस्तक उघडं असलं की हात उतरवून घेतो आणि आठवण्याचे कष्ट वाचतात. म्हणून मी क्रम ठरवला आहे. आधी धडे वाचायचे, मग पुस्तकं मिटून नकाशा काढायचा, अडेल तिथे बाणावर प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि शेवटी फक्त त्या प्रश्नचिन्हांसाठी पुस्तक उघडायचं. तीन आठवड्यांनी तोच प्रश्न, नवा कोरा कागद. तयार नकाशा फळ्यावर काढून मुलांकडून उतरवून घेणं मी सोडलं, कारण त्यात क्रियापद शोधण्याचं काम माझं होतं. आणि कवटीतल्या बारा चेताजोड्यांची नावं यासारख्या याद्यांना नकाशाचा उपयोग नाही, त्या पाठच कराव्या लागतात.

त्या मुलीने तीन आठवड्यांनी पुन्हा नकाशा काढला तेव्हा प्रजननाच्या धड्यातलं बाळ त्यात आलं होतं. गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळी नसते, गॅमा असते. म्हणून आजार घेऊन जन्मलेलं बाळ पहिले काही महिने सहसा ठणठणीत दिसतं आणि गॅमाची जागा बीटा घेऊ लागली की त्रास सुरू होतो. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध गर्भाचं हिमोग्लोबिन वाढवतं, तो बाण तिने माझ्या मदतीशिवाय जोडला.

उजव्या कोपऱ्यात एक तुटक बाण होता. "मॅडम, हिवताप उद्या संपलाच, तर वाहकांचा फायदाही संपेल. मग हे जनुक नाहीसं होईल का?" उत्तर उत्क्रांतीच्या धड्यातल्या हार्डी-वाइनबर्गच्या समीकरणात होतं, तेच समीकरण जे ती फक्त गणितासाठी सोडवत होती. आम्ही आकडे घालून पाहिले. जनुकाचं प्रमाण 100 त 10 असेल तर 100 माणसांत 18 वाहक आणि एक रुग्ण. प्रमाण 100 त एकवर आलं तर 10,000 माणसांत 198 वाहक आणि एक रुग्ण. जनुक जितकं विरळ, तितकं ते निरोगी वाहकांत लपतं आणि निवडीच्या हाती लागत नाही. म्हणजे कमी होईल, पण पुढे पुढे फारच सावकाश. तिने तुटक बाण पेनने गिरवला आणि वर लिहिलं, 'वाहकांत लपून टिकतं'.