आधी वाटणी, मग सोडवणी

राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या पेपरला 80 प्रश्न, 200 गुण आणि दोन तास. हा पेपर आता फक्त पात्रतेपुरता असून 33 टक्के, म्हणजे 66 गुण मिळाले की झाले. तरीही गणिताची धास्ती घेतलेली मुलं याच पेपरमुळे मागे राहतात. आयोगाचे जुने पेपर ती सोडवत नाहीत असं अजिबात नाही. प्रश्न क्रमांक एकपासून सुरुवात करतात, सहाव्या-सातव्या गणिताशी अडतात, त्यावर अर्धा तास घालवतात आणि शेवटी उत्तर बघून पुढे जातात. या पद्धतीने दहा वर्षांचे पेपर संपतात, पण हाती फार थोडं लागतं. जुने प्रश्न आधी सोपे, मध्यम आणि अवघड अशा तीन गटांत वाटून त्याच क्रमाने सोडवले, तर तेच पेपर खूप जास्त शिकवतात.

वाटणी एका वेळी एकाच प्रकरणाची करावी. समजा, काळ-काम-वेग घेतलं. सगळ्या पेपरांतले या प्रकरणाचे प्रश्न एका वहीत उतरवून घ्यायचे किंवा झेरॉक्स कापून चिकटवायचे. मग एकही गणित न सोडवता प्रत्येक प्रश्न एकदा शांतपणे वाचायचा आणि पेन्सिलीने समासात ‘सो’, ‘म’ किंवा ‘अ’ लिहायचं. पहिली पायरीच उत्तरापर्यंत नेते असं दिसलं तर सोपा. रीत दिसते, पण मध्ये दोन-तीन पायऱ्या आहेत, तर मध्यम. सुरुवात कुठून करायची हेच कळत नसेल तर अवघड. खूण करताना फक्त पायऱ्या बघायच्या. प्रश्न किती लांब आहे किंवा त्यातले आकडे किती मोठे आहेत, याकडे लक्ष द्यायचं नाही.

मुलं सगळ्यात जास्त फसतात ती इथेच. ‘12 मजूर रोज 8 तास काम करून एक भिंत 15 दिवसांत बांधतात, तर 16 मजूर रोज 9 तास काम करून तीच भिंत किती दिवसांत बांधतील?’ या प्रश्नात आकड्यांची एवढी गर्दी आहे की बरेच जण त्यावर ‘अ’ लिहून मोकळे होतात. वास्तविक 12, 8 आणि 15 यांचा गुणाकार 1440 येतो, त्याला 16 गुणिले 9 म्हणजे 144 ने भागलं की 10 दिवस. एका ओळीचं गणित आहे.

आता क्रम का पाळायचा, ते तीन गणितांतून बघू. पहिलं सोपं आहे: अ एक काम 12 दिवसांत करतो, ब तेच 24 दिवसांत, तर दोघे मिळून किती दिवसांत करतील? 12 आणि 24 चा लसावि 24, म्हणून एकूण काम 24 भागांचं धरू. अ रोज 2 भाग करतो, ब रोज 1. दोघांचे मिळून 3 भाग, म्हणून 8 दिवस.

मध्यम गटातलं गणित असं: तेच अ आणि ब एकत्र काम सुरू करतात, पण काम संपायच्या 3 दिवस आधी अ निघून जातो. एकूण किती दिवस लागले? शेवटच्या 3 दिवसांत एकट्या ब ने 3 भाग केले. उरलेले 21 भाग दोघांनी रोज 3 प्रमाणे 7 दिवसांत केले. एकूण 10 दिवस. पहिल्या गणितात काम भागांत मोजण्याची रीत हाताला बसली असेल, तर इथे फक्त शेवटाकडून मोजायला सुरुवात करायची एवढंच नवीन आहे.

आणि हे अवघड: अ चा कामाचा वेग ब च्या दुप्पट आहे. दोघे मिळून एक काम 8 दिवसांत करतात. दोघांनी काम सुरू केलं, काही दिवसांनी अ निघून गेला आणि उरलेलं काम ब ने 12 दिवसांत संपवलं. अ ने किती दिवस काम केलं? इथे कोणाचेच वेगळे दिवस दिलेले नाहीत, म्हणून मुलं समीकरणं मांडायला बसतात आणि x, y च्या जंजाळात अडकतात. पण ब चा रोजचा 1 भाग धरला की अ चे 2, दोघांचे 3 आणि 8 दिवसांचे 24. ब ने शेवटी 12 भाग केले, उरलेले 12 भाग दोघांनी 4 दिवसांत. म्हणून अ ने 4 दिवस काम केलं. म्हणजे हे पहिलंच गणित आहे, फक्त मागून पुढे मांडलेलं, आणि त्यात दुसऱ्याची युक्ती मिसळली आहे. आधीची दोन गणितं पक्की झालेल्या मुलाला हे ओळखू येतं. जो थेट इथून सुरुवात करतो, तो उत्तर पाहून ‘कळलं’ म्हणतो आणि आकडे बदलले की पुन्हा अडतो.

म्हणून सोपा गट पूर्ण संपल्याशिवाय मध्यमला हात लावू नये, आणि प्रत्येक गणिताशेजारी लागलेला वेळ लिहावा. सोपा गट झाला की बाकीच्या प्रश्नांवर पुन्हा नजर फिरवून खुणा बदलायच्या. ‘म’ चे बरेच ‘सो’ झालेले दिसतात, काही ‘अ’ खाली उतरतात. जे अजिबात हलत नाहीत, तिथे एखादी पायरीच शिकायची राहिली आहे. उलटही घडतं: ‘सो’ लिहिलेल्या गणिताचं उत्तर चुकतं. त्याकडे आकडेमोडीतली चूक म्हणून काणाडोळा करू नये. असे दोन-तीन निघाले तर ते प्रकरण अजून सुटलेलं नाही.

अवघड गटाकडे जाण्याआधी एक गोष्ट तपासायलाच हवी. आयोग आधी पहिली उत्तरतालिका देतो, हरकती येतात आणि मग अंतिम उत्तरतालिका लागते. त्यात काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्दही होतात. बाजारातल्या काही संचांत पहिल्याच तालिकेची उत्तरं राहून गेलेली असतात. पर्यायच चुकलेला प्रश्न न सुटल्यामुळे साहजिकच ‘अ’ गटात जाऊन बसतो आणि मुलांच्या संध्याकाळी खातो. अंतिम तालिका समोर ठेवून असे प्रश्न आधीच खोडून टाकावेत.

या वाटणीला मर्यादाही आहेत. पहिल्या पेपरातल्या इतिहास-भूगोलाच्या प्रश्नांना ती फारशी लागू पडत नाही. तिथे उत्तर माहीत असतं किंवा नसतं, सोप्या प्रश्नातून अवघडाची वाट सापडत नाही. शिवाय खऱ्या पेपरात प्रश्नावर ना प्रकरणाचं नाव असतं ना काठिण्याची खूण. म्हणून सगळ्यात अलीकडचे दोन पेपर या वाटणीतून बाजूला काढून कोरे ठेवावेत.

ते पेपर दोन तास लावून सोडवायचे आणि तीच खूण आता वाचता वाचता मनात करायची. पहिल्या फेरीत फक्त ‘सो’, दुसरीत ‘म’. प्रत्येक प्रश्न अडीच गुणांचा आणि चुकीच्या उत्तराला त्याचे पाव गुण कापले जातात. 27 उत्तरं बरोबर आली तर 67.5 गुण होतात. त्यासोबत दोन चुकली तरी 66.25 वर निभावतं, तिसरी चूक झाली की 66 च्या खाली. ‘अ’ वाटलेल्या प्रश्नावर अंदाजाने गोल रंगवायचा की तो कोरा सोडायचा, हे पहिल्या दोन फेऱ्यांत खात्रीचे किती प्रश्न सुटले ते मोजूनच ठरवावं.