७ ला ५६, तर ९ ला किती?

शिष्यवृत्ती किंवा पोलीस भरतीच्या बुद्धिमत्ता चाचणीचं कुठलंही पुस्तक उघडा, ‘समसंबंध’ या प्रकरणात या धाटणीचा प्रश्न हमखास सापडेल:

७ : ५६ :: ९ : ?

पहिल्या जोडीत जे नातं आहे तेच दुसऱ्या जोडीत लावायचं आणि रिकामी जागा भरायची. हाच प्रश्न घरातल्या आजोबांना तोंडी विचारला, ‘७ ला ५६, तर ९ ला किती?’, तर ते तिथल्या तिथे ७२ म्हणतील. परीक्षेची तयारी करणारी नात मात्र ९० वर खूण करेल आणि उत्तरसूचीतही बहुधा ९० च असेल.

आजोबांचं गणित पक्कं आहे. त्यांनी त्रैराशिक मांडलं. ७ हे प्रमाण, ५६ हे फल, ९ ही इच्छा; फलाला इच्छेने गुणायचं आणि प्रमाणाने भागायचं. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) हीच रीत दिली आहे आणि त्यांच्याही आधी आर्यभटाने ती सांगितली होती. सात वह्यांना ५६ रुपये पडत असतील तर नऊ वह्यांना ७२ च पडतील. शिवाय एक ठिपक्यांची जोडी आणि चार ठिपके ही खूण गुणोत्तर-प्रमाणाच्या धड्यातून जशीच्या तशी उचललेली, त्यामुळे प्रश्न दिसायलाही त्रैराशिकासारखाच दिसतो.

नातीने वेगळं पाहिलं. तिला ५६ मध्ये ७ × ८ दिसलं, म्हणजे संख्या गुणिले तिच्या पुढची संख्या. तेच ९ ला लावलं की ९ × १०, म्हणजे ९०. कुणी म्हणेल, आपण वर्ग करून त्यात तीच संख्या मिळवली: ४९ + ७. वाट दुसरी वाटली तरी मुक्काम एकच, कारण संख्येचा वर्ग अधिक ती संख्या म्हणजेच संख्या गुणिले पुढची संख्या. ९ ला लावून पाहा, ८१ + ९ = ९०.

मग ७२ का नको? आठपट हे नातंसुद्धा पहिल्या जोडीला तंतोतंत बसतं. इतकंच कशाला, ‘४९ मिळवा’ हेही बसतं आणि त्याने उत्तर येतं ५८. कुठल्याही दोन संख्या घ्या, त्यांच्यात काही ना काही फरक असतोच आणि काही ना काही पट असतेच, मग ती अपूर्णांकात का असेना. ही दोन नाती प्रत्येक जोडीला फुकट मिळतात, म्हणून त्यांच्यावरून त्या जोडीबद्दल विशेष काही कळत नाही.

प्रश्न काढणारे आणि सोडवणारे इथे एक अलिखित नियम पाळतात. तो पुस्तकांत क्वचितच स्पष्ट लिहिलेला असतो, पण शेकडो प्रश्नांची उत्तरं पाहिली की लक्षात येतो: ज्या नात्यासाठी बाहेरून कमीत कमी आकडे आणावे लागतात, ते नातं खरं धरायचं. ‘आठपट’ म्हणताना ८ हा ठरीव आकडा आपण बाहेरून आणतो. ९ आला तरी तो ८ च राहतो. ‘संख्या गुणिले पुढची संख्या’ यात दोन्ही गुणक त्या संख्येतूनच निघतात. वर्ग आणि घन परीक्षकांच्या लाडके का, याचं उत्तरही इथेच आहे. संख्या स्वतःलाच गुणते, बाहेरचं काही लागत नाही.

नियमाचा कस लागतो तो ४ : ६४ :: ५ : ? या प्रश्नात. ६४ हा ४ चा घन, त्यावरून उत्तर १२५. ६४ ही ४ ची सोळापट, त्यावरून ८०. ६४ म्हणजे ४ च्या दुपटीचा वर्ग, त्यावरून १००. आणि ६० मिळवले म्हणावं, तर ६५. चारही उत्तरं गणिताला धरून आहेत. सोळापटीत १६ बाहेरचा, बेरजेत ६० बाहेरचा, दुपटीच्या वर्गात आधी २ आणावा लागतो आणि मग वर्ग करावा लागतो. घन एका पायरीत होतो, म्हणून १२५. तरीही पर्यायांत १२५ नसून १०० असेल, तर खुशाल १०० वर खूण करावी. पर्याय हाही प्रश्नाचाच भाग असतो आणि कोणतं नातं अभिप्रेत आहे हे पुष्कळदा तोच सांगतो.

आता नातं शोधायचं कसं? बरेच जण जोडीकडे टक लावून बसतात आणि काही सुचतंय का पाहतात. त्यापेक्षा दुसऱ्या संख्येला पहिल्या संख्येने सरळ भागून पाहावं. वर्ग, घन आणि गुणाकार या तिन्ही तऱ्हा त्या एका भागाकारात उघड्या पडतात.

उदाहरणार्थ, ६ : २२२ :: ८ : ? आणि पर्याय २९६, ५०४, ५१३, ५२०. २२२ ला ६ ने भागलं की ३७ येतात, बाकी शून्य. आता ३७ या भागाकाराचं ६ शी काय नातं आहे ते पाहायचं. तो ६ च्या आसपास असता तर प्रकरण वर्गाचं ठरलं असतं. पण ३७ हा ३६ च्या, म्हणजे ६ च्या वर्गाच्या शेजारी आहे, तेव्हा हे घनाचं घराणं. ३७ म्हणजे ३६ + १. त्याला ६ ने गुणलं की ६ चा घन अधिक ६, २१६ + ६. तेच ८ ला लावू: ५१२ + ८ = ५२०.

इतर तीन पर्याय कुठून आले हेही आता दिसतं. ३७ हा ठरीव आकडा धरून ८ ला गुणणाऱ्यासाठी २९६ ठेवलंय. घन ओळखला पण मिळवायच्या ऐवजी वजा केलं, तर ५०४. घनाच्या पुढे काहीतरी थोडं आहे इतकंच आठवलं आणि १ मिळवला, तर ५१३. चांगला परीक्षक चुकीचे पर्याय असे हिशोबाने बसवतो, म्हणून आपलं उत्तर पर्यायांत सापडलं एवढ्यावरून ते बरोबर ठरत नाही. पर्याय न पाहता आधी नातं शब्दांत म्हणून घ्यावं आणि मगच खाली नजर टाकावी.

बाकी उरली तर तीही बोलते. ७ : ५० मध्ये भागाकार ७ आणि बाकी १, म्हणजे वर्ग अधिक एक. ७ : ४८ मध्ये भागाकार ६, बाकी ६, पूर्ण व्हायला एक कमी, म्हणजे वर्ग उणे एक. १२ : १७२९ मध्ये भागाकार १४४, बाकी १. १४४ हा १२ चा वर्ग, तेव्हा घन अधिक एक. रामानुजनांमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ हीच ती संख्या. ती ९ आणि १० यांच्या घनांची बेरीजही आहे, म्हणून कुणी १० : १७२९ अशी जोडी दिली तर भागाकार १७२ आणि बाकी ९ येते, आणि आपली भागाकाराची युक्ती तिथे फारशी कामाला येत नाही.

लहान आकड्यांच्या वाटेला परीक्षकाने जाऊच नये, असं माझं मत आहे. २ : ४ मध्ये दुप्पट, वर्ग आणि दोनची बेरीज अशी तीन नाती एकाच ठिकाणी येऊन बसतात. ३ : १२ मध्ये संख्या गुणिले पुढची संख्या आहे, चौपटही आहे, आणि वर्ग अधिक ३ म्हटलं तर तो ३ ठरीव की बदलता, हेही कळायला मार्ग नाही. याउलट १७ : २९० पाहा. १७ चा वर्ग २८९ पाठ असेल तर दुसरं काही डोक्यात येतच नाही. वर्ग तीसपर्यंत आणि घन पंधरापर्यंत पाठ करून घेतात ते यासाठीच. पाठांतर नसलेल्याला २९० ही नुसती एक सम संख्या दिसते.

भागाकाराची युक्ती थकते ती पहिली संख्या स्वतःच वर्ग किंवा घन किंवा त्यांच्या शेजारची असते तेव्हा. ६३ : ८० :: १२० : ? यात भागून हाती काही लागत नाही. इथे जवळच्या वर्गाकडे सरकावं लागतं: ६३ म्हणजे ८ चा वर्ग उणे एक, ८० म्हणजे ९ चा वर्ग उणे एक. १२० हा ११ च्या वर्गाला एक कमी, म्हणून उत्तर १२ च्या वर्गाला एक कमी, १४३.

अशाच जोड्यांत खरा घोळही होतो. हा प्रश्न पाहा:

२५ : ४९ :: ३६ : ?

पर्याय असे समजा: ५४, ६४, ७२, ८१. एक विद्यार्थी म्हणतो, ५ चा वर्ग आणि ७ चा वर्ग. मूळ दोनने वाढलं. ६ चं ८ होईल, उत्तर ६४. दुसरा म्हणतो, २ आणि ५ या अंकांची बेरीज ७, तिचा वर्ग ४९. ३ आणि ६ यांची बेरीज ९, उत्तर ८१. बाहेरून आकडे कमी आणण्याचा नियम लावला तर दुसऱ्याचं पारडं किंचित जड आहे, कारण पहिल्याला २ आणावा लागतो. पण अंक सुटे करणं हीही एक जादा पायरीच आहे, आणि वर्गसंख्या समोर दिसल्यावर मूळ काढणं कुणालाही जास्त स्वाभाविक वाटेल. मला विचाराल तर दोन्ही उत्तरांना गुण द्यावेत किंवा प्रश्न रद्द करावा.

लोकसेवा आयोगासारख्या संस्था आधी पहिली उत्तरतालिका जाहीर करतात, तिच्यावर हरकती मागवतात आणि नंतर अंतिम तालिका काढतात. इतिहासाच्या प्रश्नावर हरकत घ्यायची तर पुस्तकाचं पान जोडता येतं. इथे पान कुठलं जोडणार? दोन्ही नाती ओळीने लिहून दाखवणं, दोन्ही पहिल्या जोडीला पूर्ण बसतात आणि दोन्ही उत्तरं पर्यायांत आहेत हे दाखवणं, एवढाच पुरावा हाती असतो, आणि गणिताच्या दृष्टीने तो पुरेसा असायला हवा.

हा घोळ टाळणं परीक्षकाला अवघड नव्हतं. दोन अंकी वर्गसंख्या सहाच आहेत: १६, २५, ३६, ४९, ६४, ८१. त्यांच्या अंकांची बेरीज आणि वर्गमूळ अधिक दोन हे एकमेकांशी ताडून पाहिलं तर फक्त २५ आणि ६४ या दोघांच्या बाबतीत ती जुळतात. २५ ची बेरीज ७, मूळ ५; ६४ ची बेरीज १०, मूळ ८. पहिल्या जोडीत २५ ऐवजी ४९ घेऊन ४९ : ८१ :: ३६ : ? असं विचारलं असतं, तर अंकांची बेरीज १३ आणि तिचा वर्ग १६९ आला असता, दुसऱ्या विद्यार्थ्याचं नातं पहिल्या जोडीतच मोडलं असतं आणि ६४ हे उत्तर निर्विवाद राहिलं असतं.